तीन खड्डे आणि एक संत्र्याची बाग: जमिनीची योग्यता ठरवताना सर्वात कमकुवत बाजू कशी शोधली

वरुड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मला बोलावले ते जागा दाखवायला. जागा ठरलेली होती. नऊ एकराचे शेत, त्यातल्या नाल्याकाठच्या साडेतीन एकरात संत्रा लावायचा, कलमे सांगून ठेवलेली. माझ्याकडून त्यांना खताचे वेळापत्रक हवे होते. जमीन काळी, खोल, शेतातली सर्वात भारी. त्यांच्या हातात माती परीक्षणाचा कागद होता आणि त्यात वावगे काही दिसत नव्हते. सामू ८.०, क्षारता कमी, चुना साडेचार टक्के.

कागदावर नमुन्याची खोली लिहिली होती: ०–२० सेंमी. संत्र्याचे झाड वीस सेंटिमीटरवर जगत नाही. म्हणून मी वेळापत्रक बाजूला ठेवले आणि आधी खड्डे घेऊ या म्हणालो.

शेत नाल्याकडे उतरत जाते. वर माळाच्या बाजूला दोन एकर हलकी जमीन, मधे साडेतीन एकर मध्यम, खाली साडेतीन एकर काळी. प्रत्येक भागात दीड मीटर खोलीचा एकेक खड्डा घेतला. तपासणी दोनदा केली, एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरच्या शेवटी. दोन फेऱ्या का लागल्या ते पुढे येईलच.

पद्धत अन्न व कृषी संघटनेने १९७६ साली मांडलेल्या चौकटीतली आहे. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने तीच चौकट धरून पीकवार तक्ते केले. एका बाजूला पिकाच्या गरजा, दुसऱ्या बाजूला जमिनीचे आणि हवामानाचे गुण. प्रत्येक गुणाला वर्ग द्यायचा. एस-१ म्हणजे उत्तम योग्य, एस-२ मध्यम, एस-३ जेमतेम आणि एन म्हणजे अयोग्य. मग त्यातला सर्वात खालचा वर्ग उचलायचा, तोच त्या जमिनीचा वर्ग. बाकी गुण कितीही चांगले असले तरी तो वर जात नाही. ज्या गुणाने वर्ग खाली ओढला त्याचे नाव वर्गापुढे लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला नेमके कुठे अडते ते कळते.

तक्ता उघडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. ‘संत्रा’ एवढे म्हणून भागत नाही. पावसावरचा की ओलिताचा, कोणत्या खुंटावरचा म्हणजे कोणत्या झाडाच्या मुळावर कलम बांधलेला, किती अंतरावर? आम्ही धरले ते असे: नागपुरी संत्रा, जंबेरी खुंट, सहा बाय सहा मीटर, ठिबकवर ओलीत. यातले एक जरी बदलले तरी वर्ग बदलू शकतो.

पहिला घास हवामानाचा. पावसावरच विसंबले तर जमिनीत ओल असण्याचा काळ इथे जेमतेम पाच-सहा महिन्यांचा. सदाहरित झाडाला तो पुरत नाही, वर्ग एस-३. पण ओलीत गृहीत धरले की ही अडचण पावसाकडून विहिरीकडे जाते आणि तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. तापमानाचे तसे नाही. मे महिन्यात इथला पारा ४२–४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हा आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची, फळे लहान असतात, गळ होते. त्यासाठी मी एस-२ दिला. तिन्ही तुकड्यांवर ऊन एकच, त्यामुळे या शेतात कुठलाही तुकडा संत्र्यासाठी एस-१ होऊ शकत नाही. जमिनीवर कितीही खर्च केला तरी हे छप्पर वर सरकत नाही. खर्च कुठे थांबवायचा ते यावरून कळते, म्हणूनच हवामान आधी बघायचे.

आता खड्डे. माळाच्या खड्ड्यात ३८ सेंमीवर कुदळ खणकन वाजली. खाली अखंड काळा पाषाण, फट नाही, मूळ नाही. वरची माती मात्र फार छान होती: पोयट्याची, सामू ७.२, चुना नाही, निचरा उत्तम. संत्र्याला पन्नास सेंमीच्या आत खडक लागला तर माझ्या तक्त्यात ती जमीन अयोग्य. इथे दुसरा गुण पाहायचीही गरज नव्हती.

मधल्या खड्ड्यात ८० सेंमीवर माती संपली आणि मुरूम लागला. तक्ता अक्षरशः वाचला तर खोली ५० ते १०० सेंमी, म्हणजे एस-३. पण हा मुरूम फुटका होता. खुरप्याच्या टोकाने उकरला की तांबूस-पिवळ्या खपल्या निघत, आणि खपल्यांच्या मधून बांधावरच्या बाभळीची सुतळीएवढी मुळे खाली गेलेली. ती ११५ सेंमीपर्यंत मोजली, त्याखाली दगड घट्ट. आपल्या संत्रापट्ट्यात कितीतरी चांगल्या बागा अशाच मुरमावर उभ्या आहेत. तक्त्याला हवी असते ती मुळांची खोली, आणि माती संपली तरी मुळे थांबतातच असे नाही. म्हणून मी ११५ धरली आणि खोलीला एस-२ दिला. चिकण ४४ टक्के, सामू ७.८, चुना ४ टक्के, हे तिन्ही एस-२. निचरा, उतार, क्षारता आणि सोडियम एस-१.

काळ्या तुकड्याचा खड्डा बघायला तिथले सगळेच आले होते. दीड मीटरपर्यंत सलग काळी माती. साठ सेंमीच्या खाली ढेकूळ फोडले की आतले पृष्ठभाग घासून चकचकीत झालेले दिसत, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीची ती खूण. पन्नास सेंमीपासून पांढरे चुन्याचे खडे सुरू झाले, आधी मुगाएवढे, मग हरभऱ्याएवढे. त्या थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले तर फेस सोड्यासारखा उसळला. वरच्या मातीवर तोच थेंब नुसता चरचरला होता.

काळ्या मातीचे आकडे असे आले:

| गुण | आढळलेले | वर्ग |
|---|---|---|
| खोली | १५० सेंमीपेक्षा जास्त | एस-१ |
| उतार | १ टक्का | एस-१ |
| क्षारता | ०.४ डेसिसायमन प्रति मीटर | एस-१ |
| पोत | चिकण ६२ टक्के | एस-२ |
| विनिमयी सोडियम | खालच्या थरात ७ टक्के | एस-२ |
| सामू | ८.३ | एस-३ |
| मुक्त चुना | मीटरभर खोलीची सरासरी ९.७५ टक्के | एस-३ |
| निचरा | मंद | एस-३ |

चुन्याच्या आकड्यापाशी थोडे थांबू या, कारण सर्वात जास्त फसगत तिथे होते. वरच्या वीस सेंमीत चुना ४.५ टक्के, २० ते ५० सेंमीत ७ टक्के, ५० ते १०० सेंमीत १३.५ टक्के. थरांच्या जाडीप्रमाणे सरासरी काढली तर (२० × ४.५ + ३० × ७ + ५० × १३.५) ÷ १०० = ९.७५. माझ्या तक्त्यात पाच टक्क्यांपर्यंत एस-२, पाच ते दहा एस-३ आणि दहाच्या वर एन. म्हणजे शेतकऱ्याच्या कागदाप्रमाणे जमीन एस-२, सरासरीप्रमाणे एस-३ आणि खालचा थर एकटा धरला तर अयोग्य. जमीन तीच, उत्तरे तीन. शिवाय ९.७५ आणि १० यांत जो फरक आहे तेवढा प्रयोगशाळेच्या दोन तपासण्यांतही पडतो.

मग कोणते उत्तर घ्यायचे? झाडाकडे पाहून ठरवायचे. संत्र्याची बारीक, अन्न घेणारी मुळे बहुतेक वरच्या साठ सेंमीत असतात, त्यामुळे पहिली तीन-चार वर्षे झाड वरच्या मातीवर छान वाढते. शेतकरी म्हणतो जमीन मानवली. पुढे मुळे चुन्याच्या थरात शिरतात, लोह घेता येत नाही, आणि कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. तोवर झाड फळावर आलेले असते आणि मालकाचा सगळा पैसा त्यात अडकलेला असतो. त्यामुळे फळबागेसाठी मी सरासरीवर विश्वास ठेवत नाही. एक मीटरच्या आतला सर्वात वाईट थर ३० सेंमीपेक्षा जाड असेल तर तो थर हीच मर्यादा मानतो. कापसासारख्या हंगामी पिकाला हा नियम मी लावणार नाही.

हे खरे आहे का ते पडताळायला शेजारीच जागा होती. नाल्याच्या पलीकडे याच काळ्या पट्ट्यात सात वर्षांची बाग आहे. मालकाच्या परवानगीने एका खुरटलेल्या झाडाजवळ साठ सेंमी खणले. चुन्याचे खडे ४५ सेंमीवर लागले. पानांवर तीच हिरव्या शिरांची जाळी, आणि खोडावर जमिनीलगत डिंक सुटलेला. वर्ग हा शेवटी अंदाज असतो, आणि बघायला मिळत असेल तर तो जिवंत झाडावर तपासून घ्यावा.

खोडावरचा डिंक आपल्याला निचऱ्याकडे नेतो. डिंक्याची बुरशी पाणी साचलेल्या मातीत फोफावते आणि जंबेरी खुंट तिला लवकर बळी पडतो. निचरा मोजताना माझी स्वतःची चूक झाली, ती सांगतो. मे महिन्यात मी काळ्या तुकड्यात साठ सेंमी खोल खड्डा करून पाणी भरले आणि पातळी किती वेळात उतरते ते पाहिले. पाणी बघता बघता गेले. वहीत ‘निचरा चांगला’ असे लिहूनही टाकले. संध्याकाळी शेतातून निघताना लक्षात आले की जमिनीला तळहात मावेल एवढ्या भेगा आहेत आणि माझे पाणी भेगांतून पळाले आहे, मातीतून मुरलेले नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीचा निचरा मोजणे म्हणजे भेगा मोजणे.

सप्टेंबरअखेर भेगा मिटल्यावर पुन्हा गेलो. खड्डा आदल्या दिवशी भरून माती भिजवून घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरला आणि काठी रोवून खूण केली. मधल्या तुकड्यात दुपारपर्यंत खड्डा कोरडा. काळ्या तुकड्यात रात्रभर थांबूनही पाणी चार बोटे उतरले होते. खड्ड्याच्या भिंतीत ७० सेंमीच्या आसपास राखाडी डागही दिसले, हवा न मिळाल्याची ती निशाणी.

सोडियमच्या रकान्याने मात्र इशारा दिला नाही. सात टक्क्यांना माझा तक्ता एस-२ देतो, कारण सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीची जगभर रूढ सीमा १५ टक्के आहे. ती अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केली. पण विदर्भाच्या काळ्या मातीत, विशेषतः पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात झालेल्या अभ्यासांनी दाखवले की सोडियम पाच टक्क्यांच्या वर जाताच पाणी वाहण्याचा वेग मंदावू लागतो. चिकण फुगून सूक्ष्म वाटा बंद करते. म्हणून परदेशी तक्त्यातला आकडा आपल्या मातीला लावताना मी निचरा प्रत्यक्ष मोजतो.

आता एक साधा प्रयोग करू. समजा सर्वात खालचा वर्ग न घेता आपण सगळ्या गुणांची सरासरी काढली. एस-१ ला तीन अंक, एस-२ ला दोन, एस-३ ला एक, एन ला शून्य. काळ्या मातीचे आठ गुण मिळून १६ अंक, सरासरी २.०, म्हणजे नेमका एस-२. मधल्या तुकड्याचे २०, सरासरी २.५. आणि माळाच्या तुकड्याचे? खोलीचे शून्य, चार टक्के उताराचे दोन, बाकी सहा गुणांचे तीन-तीन. बेरीज २०, सरासरी २.५. पाषाणावरची ३८ सेंमी माती मधल्या तुकड्याच्या बरोबरीला आणि काळ्या मातीच्या वर! उत्तम सामू आणि उत्तम निचरा मिळून दगडाला भोक पाडू शकत नाहीत, तरी सरासरी तसे मानून चालते. सर्वात खालचा वर्ग घेण्याचा नियम कठोर वाटतो, पण फळझाडाचे जगणे त्याच नियमाने चालते.

हा नियमही एका ठिकाणी आंधळा आहे. एकच एस-३ असलेली जमीन आणि तीन एस-३ असलेली जमीन त्याला सारखीच दिसते. त्यासाठी मर्यादांची संख्या आणि तीव्रता दोन्ही पाहण्याची एक सुधारित रीत आहे. मी ती वापरतो तेव्हा तीव्र मर्यादा एकापेक्षा जास्त झाल्या की वर्ग आणखी खाली आणतो. ती वापरताना एकच दोष दोनदा मोजला जाणार नाही एवढे सांभाळावे लागते. काळ्या तुकड्यात सामू आणि चुना हे एकाच कारणाचे दोन चेहरे, मुक्त चुना आहे म्हणून सामू ८.३ आहे. त्यामुळे खऱ्या तीव्र मर्यादा दोन उरतात, चुना आणि निचरा. तरीही त्या एकापेक्षा जास्तच. चुन्याचा थर धरून उत्तर येत होते तेच या वाटेनेही आले: संत्र्यासाठी अयोग्य.

मधल्या तुकड्यालाही हाच चष्मा लावला. खोली, पोत, सामू, चुना असे चार एस-२ आहेत. सामू आणि चुना एक धरले तर तीन. सुधारित रितीत ही अगदी काठावरची जागा आहे, एखाद्याने एस-३ दिला तर मी भांडणार नाही. मी एस-२ ठेवला कारण निचरा स्वच्छ आहे आणि मुरमात मुळे जाताना डोळ्यांनी पाहिली आहेत. पण अहवालात ‘एस-२, खालच्या काठाचा, मर्यादा खोली आणि चुना’ असे पूर्ण लिहिले.

शेतकऱ्याला हे सांगणे सोपे नव्हते. ते खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाले, “भाऊ, माह्या बापानं ही जमीन सोन्यावानी जपली. सगळ्यात भारी वावर हे, अन् तुम्ही इथंच नाही म्हणता?”

मी म्हणालो, “काका, जमीन भारीच आहे. ती कापसाची भारी आहे, संत्र्याची नाही.”

ते नुसते समजूत घालणे नव्हते. तेच आकडे कापसाच्या तक्त्यावर ठेवून दाखवले. खोल काळी, ओल धरणारी माती कापसाला एस-१. सामू आणि चुना कापूस संत्र्यापेक्षा बराच जास्त सोसतो, तिथे एस-२. निचरा मंद असल्याने तोही एस-२, आणि तो चर काढून सुधारता येतो. मापे तीच, पीक बदलले आणि अयोग्यची मध्यम योग्य झाली.

त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर होता: सुधारणा करून इथेच संत्रा होणार नाही का? निचऱ्यासाठी उघडे चर आणि उंच गादीवाफे करता येतात, ही मर्यादा एक वर्ग वर जाऊ शकते. खुंट बदलून रंगपूर लिंबू घेतला तर चुना आणि क्षार तो जंबेरीपेक्षा जास्त सोसतो, तिथे थोडे मिळेल. पण पन्नास सेंमीखालचा साडेतेरा टक्के चुना कुठल्याही खर्चाने निघत नाही. गंधक टाकून वरच्या मातीचा सामू थोडा उतरवता येईल, अर्ध्या मीटरच्या थराला पुरेल एवढे गंधक कोणाच्याच खिशाला परवडणारे नाही. मर्यादा सुधारता येते की येत नाही, हे वर्गाइतकेच ठळक लिहायला हवे. नाहीतर माणूस चरांवर खर्च करतो आणि चुना त्याची वाट बघत बसलेला असतो.

संत्रा मधल्या तुकड्यात, हे ठरले. पण साडेतीन एकर पूर्ण लावायचा का? हवामानाच्या वेळी बाजूला ठेवलेला विहिरीचा हिशेब इथे पुढे आला. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११२ झाडे. वाढलेल्या झाडाला मे महिन्यात रोज सव्वाशे लिटर धरले. त्यांची विहीर मे महिन्यात उपसून पाहिली तर दिवसाला ३५ हजार लिटरच्या आसपास देते. म्हणजे २८० झाडे, म्हणजे अडीच एकर. नवी बोअर घेण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला, पण वरुड-मोर्शीच्या या पट्ट्यात भूजलाचा उपसा आधीच हाताबाहेर गेला आहे. नव्या बोअरचे पाणी मी हिशेबात धरले नाही. जमीन साडेतीन एकरांना हो म्हणत होती, पाणी अडीचला. पाण्याचे ऐकले.

शेवटचे काम रेघ आखण्याचे. मधली जमीन कुठे संपते आणि काळी कुठे सुरू होते हे वरून कळत नाही, नांगराने दोन्ही एकसारख्या केल्या आहेत. उताराच्या दिशेने दर दहा मीटरवर गिरमिट मारून एक मीटरपर्यंत माती काढली आणि प्रत्येक वीतभर तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकला. फेस जिथे एक मीटरच्या आत जोरात उसळू लागला तिथे खुंटी ठोकली. अशा सात ओळी झाल्या. खुंट्या सरळ रेषेत आल्या नाहीत. पूर्वेकडे काळ्या मातीची एक जीभ मधल्या तुकड्यात बारा मीटर आत शिरलेली होती. काकांनी तिथल्या झाडांच्या दोन ओळींची आखणी पुसून टाकली आणि तेवढी झाडे पश्चिमेच्या बाजूला सरकवली.